‘वडिलांचा व्यवसाय : मासेमारी’ या एका ओळीवरून मुलाखतीची टिपणे

प्रश्न : “सर, यूपीएससीची मुख्य परीक्षा पास झालो आहे, मुलाखत महिनाभरावर आली आहे. गाव मालवण तालुक्यात, वडील रापणीवर जातात. शिक्षण बी.एफ.एस्सी. (शिरगाव, रत्नागिरी), पर्यायी विषय भूगोल, छंदाच्या रकान्यात ‘दशावतार पाहणे’ लिहिले आहे. मुलाखत मराठीतून देणार आहे. अर्जावरून टिपणे कशी काढायची आणि कोणते प्रश्न येतील?”

तुमच्या वहीची सुरुवात नावाच्या अर्थापासून किंवा जिल्ह्याच्या माहितीपासून करू नका, वडिलांच्या व्यवसायाच्या ओळीपासून करा. जन्मगाव, वडिलांचे काम आणि तुमची मत्स्यविज्ञानाची पदवी या तीन वेगवेगळ्या रकान्यांतल्या गोष्टी तुमच्या अर्जात एकाच ठिकाणी, म्हणजे समुद्रावर, येऊन मिळतात, आणि अर्ज चाळणाऱ्या कोणत्याही सदस्याची नजर तिथेच थांबणार. मंडळात अध्यक्ष आणि बहुधा चार सदस्य असतात, वेळ साधारण अर्ध्या तासाचा असतो आणि तुमचे लेखी परीक्षेचे गुण त्यांना ठाऊक नसतात. त्यांच्यापुढे तुमची ओळख म्हणून असतो तो हा अर्जच. एकूण २०२५ गुणांपैकी मुलाखतीचे २७५ गुण आहेत, आणि ते माहितीच्या चाचणीसाठी नाहीत, हे आयोग आपल्या परीक्षेच्या अधिसूचनेत स्वतःच सांगतो. ज्ञानाची परीक्षा लेखी पेपरात होऊन गेलेली असते. मुलाखत ही उलटतपासणी नव्हे, ती सहज पण हेतू ठेवून चालवलेली बातचीत असते. म्हणून टिपणे काढताना ‘मला काय माहीत आहे’ यापेक्षा ‘या बातचीतीत पुढचा प्रश्न कुठून येईल’ याकडे जास्त लक्ष द्यावे लागते.

वहीची रचना साधी ठेवा. अर्जातील प्रत्येक नोंदीला समोरासमोरची दोन पाने द्या. डाव्या पानावर केवळ वस्तुस्थिती लिहा आणि प्रत्येक आकड्याशेजारी तो कोणत्या साली लागू होता तेही लिहा. उजव्या पानावर तुमचे मत आणि त्या मताला एक कारण लिहा. डाव्या पानाच्या तळाशी प्रश्नांची साखळी मांडा : ही गोष्ट काय आहे, ती अशी का आहे, तिच्याबाबत कायदा काय म्हणतो, अधिकारी म्हणून तुम्ही काय कराल, आणि यात तुमचे स्वतःचे काय गुंतले आहे. अनुभवाने सांगतो की उमेदवार पहिल्या तीन कड्यांवर भरपूर मेहनत घेतात आणि मंडळ त्यांना चौथ्या-पाचव्या कडीवर नेऊन ठेवते.

आता ही साखळी तुमच्या ओळीवर चालवून पाहू. पहिला प्रश्न अगदी सोपा वाटेल : “रापण म्हणजे काय?” विचारणारे सदस्य बिहारचे असू शकतात, राजस्थानचेही असू शकतात. त्यांना दोन वाक्यांत चित्र दिसले पाहिजे. होडीतून जाळे अर्धवर्तुळात समुद्रात सोडतात, त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावर आणतात आणि किनाऱ्यावर उभी असलेली माणसे दोन्ही बाजूंनी दोर ओढत जाळे वाळूवर घेतात, एवढे सांगितले की पुरे. यानंतरचा प्रश्न बहुधा वाटपाचा असतो : मिळालेले मासे कोणाचे? जाळ्याच्या मालकाचा वाटा किती, ओढणाऱ्यांचा किती, एखादा आजारी असेल तर त्याच्या घरी काय जाते, हे तुमच्या वाडीत जसे चालते तसेच सांगा. पुस्तकात हे सापडणार नाही, म्हणून एक संध्याकाळ वडिलांसमोर वही घेऊन बसा आणि त्यांना परक्या माणसासारखे प्रश्न विचारा. जाळे कोणाच्या मालकीचे, परवाना कोणाच्या नावावर, पतसंस्थेचे किंवा व्यापाऱ्याचे कर्ज आहे का, मासळी लिलावात कोण घेतो, डिझेलवरील कराचा परतावा सोसायटीकडून कोणाला मिळतो आणि वल्ह्यांच्या होडीला त्याचा काही उपयोग आहे का, हे सगळे त्यांच्या तोंडून ऐका. मच्छीमाराच्या मुलाला योजनांची नावे पाठ आहेत, प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना २०२० साली २०,०५० कोटींची आली हेही ठाऊक आहे, पण घरात त्यातले काय पोहोचले ते सांगता येत नाही, असे दिसले की मंडळाला लगेच कळते की हा घरचा विषयसुद्धा क्लासच्या नोट्समधून शिकला आहे.

दुसरी कडी कारणांची. रापणीला मासळी कमी का मिळते? किनाऱ्यावर याचे ठरलेले उत्तर आहे : पर्ससीन. पर्ससीनचे जाळे बांगडा-तारलीच्या अख्ख्या थव्याभोवती गोल फिरवतात आणि बटव्याची नाडी ओढावी तसा खालचा दोर ओढून तळ बंद करतात, त्यामुळे थवा किनाऱ्याकडे येण्याआधीच उचलला जातो, ही तक्रार खरी आहे. पण तुम्ही मत्स्यविज्ञानाचे पदवीधर आहात, आणि तुमच्याकडून एका कारणावर थांबणारे उत्तर अपेक्षित नाही. तारलीचे प्रमाण वर्षावर्षाला निसर्गतःच मोठे वरखाली होते, समुद्राचे तापमान बदलते आहे, ट्रॉलरच्या जाळ्यात लहान पिल्ले मोठ्या प्रमाणात येतात, आणि प्रखर एलईडी दिव्यांनी मासळी ओढून घेण्याचा प्रकार बंदी असूनही संपलेला नाही. ही कारणे सांगून मग, ‘यातील पर्ससीनचा वाटा अमुक इतका असे ठामपणे म्हणता येत नाही, पण जवळच्या पाण्यातील संघर्ष मात्र त्यामुळेच पेटतो,’ असे म्हणालात, तर ते उत्तर मच्छीमाराच्या मुलाचेही राहते आणि पदवीधराचेही.

तिसरी कडी कायद्याची. इथे डाव्या पानावर फार थोडे लिहावे, पण ते पक्के असावे. राज्यघटनेनुसार मासेमारी हा राज्यसूचीतील विषय आहे आणि प्रादेशिक जलधीपलीकडील मासेमारी संघसूचीत आहे. प्रादेशिक जलधी १२ सागरी मैलांपर्यंत, अनन्य आर्थिक क्षेत्र २०० सागरी मैलांपर्यंत. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा आहे, २०२१ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती होऊन दंड बराच वाढला. पर्ससीनवर राज्याने फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने क्षेत्र, परवान्यांची संख्या आणि हंगाम या तिन्ही बाजूंनी बंधने घातली, हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर असा ठेवला. पश्चिम किनाऱ्यावरची पावसाळी बंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवसांची आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये तमिळनाडूच्या प्रकरणात १२ सागरी मैलांपलीकडे, आठवड्यातून दोन दिवस आणि इतर अटींवर पर्ससीनला अंतरिम परवानगी दिली, तेवढा एक संदर्भ ठेवा. राज्याची बंदी १२ मैलांवर संपते आणि मासा ती रेषा ओळखत नाही, हा या प्रश्नाचा गाभा तुम्हाला त्यावरून सांगता येईल. महाराष्ट्राने एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, त्यावर ‘तुमच्या वडिलांना याने काय मिळाले?’ असा प्रश्न जवळजवळ ठरलेला समजा. खरे उत्तर घरी विचारल्याशिवाय लिहू नका.

चौथी कडी म्हणजे खरी मुलाखत. “तुम्ही सिंधुदुर्गचे जिल्हाधिकारी आहात. रात्री दहा वाजता फोन येतो की पारंपरिक मच्छीमारांनी समुद्रात एक पर्ससीन नौका अडवली आहे, खलाशी ओलीस आहेत आणि बंदरावर जमाव जमला आहे. काय कराल?” या प्रश्नावर बहुतेक मुले ‘नौका जप्त करीन, दंड करीन’ अशी सुरुवात करतात. इथेच घोटाळा होतो. दुरुस्तीनंतर या कायद्याखालील दंडाच्या प्रकरणांचा निवाडा महसुलाच्या तहसीलदारांकडून काढून मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्याकडे दिलेला आहे. जिल्हाधिकाऱ्याचा हात कायदा-सुव्यवस्था आणि समन्वय यांवर आहे. शिरगावच्या पदवीधराने नेमके हेच चुकवले तर ते माफ होत नाही.

याचे उत्तर साधारण असे बोलून पाहा : “सर, आधी माणसे. पोलीस अधीक्षकांशी बोलून सागरी पोलिसांची नौका पाठवीन, खलाशी सुखरूप किनाऱ्यावर आणणे हे त्या रात्रीचे पहिले काम. मत्स्यव्यवसायच्या सहायक आयुक्तांना बंदरावर बोलावून नौकेचा परवाना, जाळे आणि ती कुठे मासेमारी करत होती याचा पंचनामा त्यांच्याकडूनच करून घेईन, कारण तो अधिकार त्यांचा आहे. जमावाच्या प्रतिनिधींना सांगेन की कारवाई होईल, पण नौका अडवणे आणि माणसे धरून ठेवणे हाही गुन्हा आहे आणि त्याचीही नोंद होईल. दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंना एकत्र बोलावीन, आणि गस्त का पोहोचली नाही याचा अहवाल मागवीन, कारण लोक कायदा हातात घेतात ते बहुधा गस्त दिसत नाही म्हणून.” हे बोलायला मिनिटभर लागते. यात आकडा नाही आणि योजनेचे नाव नाही, पण कोणते काम कोणाचे हे स्पष्ट आहे. यावरची उलट विचारणा तयार ठेवा : “दोन्हीकडे गुन्हे नोंदवले तर गावात संताप होईल, तो कसा हाताळाल?” आणि “आमदारांचा फोन आला तर?” दुसऱ्या प्रश्नावर शूरपणा दाखवू नका. लोकप्रतिनिधीने फोन करणे गैर नाही. त्यांना वस्तुस्थिती सांगायची, शांततेसाठी त्यांची मदत मागायची आणि पंचनाम्यात जे आहे ते बदलायचे नाही.

पाचवी कडी अवघड आहे, कारण ती तुमच्या घराची आहे. “त्या जमावात तुमचे वडील असतील तर?” सनदी सेवेत मूळ जिल्ह्यात नेमणूक सहसा होत नाही असे म्हणून सुटू नका, सदस्य हसून तोच प्रश्न पुन्हा विचारतील. वडिलांच्या प्रकरणाचा निर्णय मी स्वतः घेणार नाही, वरिष्ठांना लेखी कळवून ते काम दुसऱ्या अधिकाऱ्याकडे देईन, आणि वडिलांनाही आधीच तसे सांगेन, एवढे पुरते. आणखी एक तिरका प्रश्न येऊ शकतो : “पर्ससीनवालेही मच्छीमारच आहेत, त्यांनी कर्ज काढून नौका घेतली, त्यांच्यावर खलाशी, बर्फाचे कारखाने आणि वाहतूकदार अवलंबून आहेत. तुमची सहानुभूती एकाच बाजूला का?” उजव्या पानावर त्यांची बाजू त्यांच्याच शब्दांत लिहिलेली असली पाहिजे. रत्नागिरीत शिकलात, तर मिरकरवाडा बंदरावर पर्ससीन मालक आणि खलाशी रोज दिसले असतील. शक्य असेल तर या महिन्यात तिथे जाऊन दोघा-तिघांशी बोला. विरोधी बाजू मनापासून मांडता येते का, हे मंडळ आवर्जून पाहते.

याच ओळीला चिकटून मालवणचे सागरी अभयारण्य येते. १९८७ साली जाहीर झालेले हे अभयारण्य सुमारे २९ चौरस किलोमीटरचे आहे, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा भाग त्याच्या गाभ्यात येतो, आणि मासेमारीवर गदा येईल म्हणून स्थानिकांचा त्याला जुना विरोध आहे. प्रश्न असा असेल : “प्रवाळ वाचवायचे की मच्छीमार?” या ‘की’मध्ये अडकू नका, पण ‘दोन्हींचा समतोल साधू’ असे गुळगुळीत वाक्यही टाकू नका. गाभ्यात बंदी कडक आणि बाहेर पारंपरिक जाळ्यांना मुभा, नौकांच्या नांगरांसाठी ठरावीक जागा, तारकर्लीच्या बाजूला स्कूबा आणि स्नॉर्कलिंगच्या गर्दीवर मर्यादा, आणि सीमा ठरवताना मच्छीमार सोसायट्यांचा सहभाग, अशी हाताला लागणारी दोन-तीन पावले सांगा. पर्यटनाचा भार प्रवाळावर पडतो आणि बंदीची भाषा मात्र होडीवाल्याशी बोलली जाते, हे निरीक्षण तुमचे स्वतःचे असेल तर जरूर मांडा.

मालवण म्हटले की राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा निघू शकतो. ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनी अनावरण, २६ ऑगस्ट २०२४ रोजी पुतळा कोसळला. इथे दोष कोणाचा यावर निवाडा देऊ नका. सार्वजनिक बांधकामात खाऱ्या वाऱ्याचा आणि गंजाचा विचार, संरचनेची तपासणी आणि मुदतीची घाई, एवढ्यावर बोला. आवाज न चढवता बोललात तर पुरे.

पदवीचा प्रश्न एका ओळीत येतो : “सरकारने तुम्हाला मत्स्यविज्ञान शिकवले, तुम्ही प्रशासनात का?” ‘मोठ्या व्यासपीठावर सेवा’ हे वाक्य मंडळाने इतक्यांदा ऐकले आहे की ते ऐकताच पेन खाली ठेवले जाते. तुमच्याकडे खरे कारण आहे : जाळ्याचे विज्ञान प्रयोगशाळेत सुटते, पण बंदर, परवाना, गस्त आणि लिलाव हे प्रशासनात अडते. हे स्वतःच्या एखाद्या प्रसंगाने सांगा, भले तो प्रसंग छोटा असो. पदवीनंतर अभ्यासात गेलेली वर्षे लपवू नका. त्या काळात घरी काय काम केले तेही सांगा.

भूगोलाबद्दल फार चिंता नको. किनाऱ्याची भूरूपे, खाडी आणि खाजण, चक्रीवादळांत अरबी समुद्राकडे वाढलेले लक्ष (२०२० चे निसर्ग, २०२१ चे तौक्ते), आणि मान्सूनच्या उत्तरार्धात किनाऱ्यालगत वर येणाऱ्या थंड, अन्नद्रव्ययुक्त पाण्याचा मासळीशी संबंध, एवढे घरच्या समुद्रावर लावून पाहा.

छंदाच्या रकान्याकडे मात्र सावध पाहा. ‘दशावतार पाहणे’ लिहिलेत, तर पहिला प्रश्न असेल, “शेवटचा प्रयोग कुठे पाहिलात, कोणते आख्यान होते?” गावाचे, देवस्थानाचे आणि आख्यानाचे नाव क्षणात यायला हवे. नाही आले, तर पुढचे सगळे वाया जाते, आणि प्रामाणिकपणाचे गुण जातात ते वेगळेच. पुढे विचारतील की दहाही अवतार खरोखर दाखवतात का. सहसा नाही : आधी आडदशावतारात गणपती येतो, काळ्या वेशातला संकासुर मालवणीतून हशा पिकवतो, आणि मग रात्रभर एखादे पौराणिक आख्यान चालते, ज्यातले संवाद नट मोठ्या प्रमाणात रंगमंचावरच रचतात. या शेवटच्या गोष्टीवर एक प्रश्न हमखास निघतो : “लिहिलेली संहिता नाही, मग नट तयारी कशाची करतो?” पुराणकथा, पदे आणि समोरच्या नटाची सवय, हे उत्तर तुम्ही जत्रेत पाहिले असेल तरच जमते. स्त्रीभूमिका पुरुष करतात त्यावरही विचारतील. ‘परंपरा आहे’ एवढ्यावर थांबू नका, आणि परंपरेची निंदाही करू नका. आज स्त्रियांनी यावे का, आल्यास रात्रभराचा प्रवास आणि जत्रेतल्या मुक्कामाची सोय काय, असा प्रश्न उलटा मांडलात तर बोलणे जमिनीवर राहते. या महिन्यात जवळपास जत्रा असेल तर एक प्रयोग वही न घेता पाहून या.

तयारी चुकीच्या दिशेला जाते आहे हे ओळखण्याची एक खूण सांगतो. उत्तराची पहिली तीन वाक्ये न अडखळता सपाट वेगाने येतात आणि मध्येच ‘का?’ विचारल्यावर तुम्ही पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरू करता, असे झाले तर ते उत्तर पाठ आहे. ते पान फाडा, आणि उत्तराऐवजी तीन शब्द लिहा. फोनवर स्वतःचे बोलणे रेकॉर्ड करून ऐकलेत तर ही खूण कोणी दाखवायची गरज पडत नाही.

मराठीतून मुलाखत देणार आहात, तर दुभाषा असेल हे धरून सराव करा. लांब वाक्य अनुवादात तुटते आणि त्याबरोबर तुमचे तर्कही तुटतात. म्हणून एका वाक्यात एक मुद्दा ठेवा आणि थांबा. पर्ससीन, रापण, आडदशावतार हे शब्द दुभाष्याला माहीत असतीलच असे नाही, तेव्हा शब्द उच्चारल्याबरोबर त्याचे साधे वर्णन जोडायची सवय लावा. प्रश्न इंग्रजीत आला आणि कळला तरी उत्तर मराठीतच द्या. मध्येच भाषा बदलली की दुभाषाही गोंधळतो आणि तुम्हीही.

सराव मुलाखती मोजक्याच ठेवा, आणि त्यातली एक तरी कोकणाबाहेरच्या, मासेमारीशी काही संबंध नसलेल्या मंडळासमोर द्या. पुण्यात किंवा दिल्लीत प्रत्येक जण वेगळा सल्ला देतो : एक म्हणेल हात कमी हलवा, दुसरा म्हणेल फार ताठ बसता. अशा सूचना वहीत घेऊ नका. ‘तुमचे हे उत्तर मला समजले नाही’ असे कोणी म्हटले, तर मात्र तो प्रश्न आणि तुम्ही दिलेले उत्तर जसेच्या तसे लिहून घ्या आणि त्याच रात्री रापणीच्या पानावर परत या.